रेटिनॉल, रेटिनॅल आणि रेटिनिल एस्टर: बाटलीवरचा टक्का नेमका कशाचा?

गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर तीन सीरमचे स्क्रीनशॉट पाठवले. एकावर ०.३% लिहिलेलं, दुसऱ्यावर ०.१% आणि तिसऱ्यावर थेट २%. तिचा प्रश्न सरळ होता: "दादा, २% वालं सगळ्यात स्ट्राँग ना?" उत्तर होतं, नाही. त्या तिघांत ते बहुतेक सगळ्यात सौम्य होतं. असं का, आणि ॲपवर लेबल बघून हे कसं ओळखायचं, ते आज आपण पाहू.

तिघांमधला फरक: पायऱ्या किती?

तिन्ही पदार्थ व्हिटॅमिन ए च्याच घरातले आहेत. या सगळ्या कुटुंबाला 'रेटिनॉइड' म्हणतात. पण त्वचेच्या पेशीत प्रत्यक्ष काम करतं ते चौथंच, म्हणजे रेटिनॉइक ॲसिड. बाकी तिघांना त्वचेत गेल्यावर टप्प्याटप्प्याने तिथपर्यंत पोचावं लागतं. क्रम असा:

रेटिनिल एस्टर → रेटिनॉल → रेटिनॅल → रेटिनॉइक ॲसिड

रेटिनिल एस्टर म्हणजे रेटिनॉलला एक आम्ल जोडून केलेलं साठवणीचं रूप. रेटिनिल पाल्मिटेट आणि रेटिनिल ॲसिटेट ही त्यातली नेहमीची नावं. हे टिकाऊ असतं, म्हणून फोर्टिफाइड दुधातही हेच घालतात. पण त्याला तीन पायऱ्या चढायच्या असतात आणि प्रत्येक पायरीवर थोडा माल गळतो. त्यामुळे परिणाम सौम्य आणि सावकाश.

रेटिनॉल दोन पायऱ्या लांब आहे. यातली पहिली, रेटिनॉलचं रेटिनॅल होण्याची पायरी, सगळ्यात संथ असते आणि ती उलटही फिरू शकते. त्वचा जास्तीचं रेटिनॉल पुन्हा एस्टर करून साठवूनही ठेवते.

रेटिनॅल फक्त एक पायरी लांब. म्हणून ते कमी टक्क्यातही काम करतं. बाजारात रेटिनॉल साधारण ०.१ ते १ टक्क्यापर्यंत मिळतं, तर रेटिनॅल बहुतेक वेळा ०.०५ किंवा ०.१ टक्काच असतं. टक्का कमी दिसला म्हणून ते कमजोर समजू नका.

सर्च करताना एक गंमत होते. गुगलवर `Retinal` टाकलं की डोळ्यांच्या पडद्याचे आजार समोर येतात. नावाचं मूळ तेच आहे, कारण डोळ्याला अंधारात दिसायला हाच रेणू लागतो. व्हिटॅमिन ए कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो यामुळेच. सीरम शोधायचं असेल तर `Retinaldehyde serum` असं टाका. दोन्ही नावं एकाच पदार्थाची आहेत.

आता लेबल वाचू

समजा, ॲपवर एका सीरमचं पान असं दिसतंय. (हे उदाहरण मी बनवलेलं आहे, कुठल्या कंपनीचं नाही.)

```
2% Retinoid Complex
Ingredients: Aqua, Glycerin,
Caprylic/Capric Triglyceride, Squalane,
Phenoxyethanol, Retinyl Palmitate, Tocopherol
```

पहिली गोष्ट म्हणजे वरच्या ओळीत 'रेटिनॉल' हा शब्दच नाही. खालच्या यादीतही रेटिनॉल किंवा रेटिनॅल नाही, फक्त रेटिनिल पाल्मिटेट आहे. म्हणजे हे एस्टरवालं सीरम.

दुसरी गोष्ट क्रमाची. भारतातल्या नियमांप्रमाणे १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह सौंदर्यप्रसाधनात जास्तीत जास्त १ टक्का वापरतात. म्हणजे यादीत त्याच्या मागे असलेलं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी. आपलं रेटिनिल पाल्मिटेट त्याच्या मागेच उभं आहे.

मग २% कशाचे? 'कॉम्प्लेक्स'चे. हा कच्चा माल बऱ्याचदा तेलात विरघळवलेला येतो आणि त्या तेलाचं वजनही टक्क्यात धरलं जातं. म्हणून 'कॉम्प्लेक्स', 'ब्लेंड', 'सोल्यूशन' असे शब्द टक्क्याशेजारी दिसले की थांबून खालची यादी बघायची.

आता जरा हिशोब करू. रेटिनिल पाल्मिटेटचा रेणुभार साधारण ५२५ आणि रेटिनॉलचा २८६. २८६ भागिले ५२५ केलं की ०.५४ च्या आसपास येतं. म्हणजे त्यात पूर्ण १% पाल्मिटेट आहे असं धरलं, तरी त्यात रेटिनॉलचा वाटा साधारण ०.५४% आणि बाकी पाल्मिटिक ॲसिडचं वजन. हेही कागदावरचं. प्रत्यक्षात ते त्वचेत सुटं व्हावं लागतं आणि सगळं होत नाही. शिवाय आपल्याला फक्त '१% पर्यंत' एवढंच कळलंय, ते ०.१% सुद्धा असू शकतं.

युरोपियन युनियनचा नवा नियम हाच हिशोब वापरतो. तिथे रेटिनॉल, रेटिनिल ॲसिटेट आणि रेटिनिल पाल्मिटेट हे तिन्ही 'रेटिनॉल इतके' असं मोजून चेहऱ्याच्या उत्पादनांत ०.३% आणि बॉडी लोशनमध्ये ०.०५% ही मर्यादा आहे. म्हणून ज्या लेबलवर 'शुद्ध रेटिनॉल ०.३%' असं साफ लिहिलंय, ते मोघम २ टक्क्यांपेक्षा जास्त माहिती देतं.

बाटली कशी आहे तेही बघा

रेटिनॉल आणि रेटिनॅल दोन्ही हवा, उजेड आणि उष्णतेने खराब होतात. पारदर्शक काचेची ड्रॉपर बाटली दिसायला छान, पण दर वेळी उघडली की हवा आत जाते. त्यापेक्षा ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा हवाबंद पंप बरा. रंग पिवळसर असणं नॉर्मल आहे, कारण हे रेणू मुळातच पिवळे असतात. मात्र आधी फिकट असलेलं सीरम तपकिरी व्हायला लागलं किंवा वास बदलला, तर ते टाकून द्या. पुण्यात एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत बाटली ठेवून फिरणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

लावताना

आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, एवढ्यावर सुरुवात करा. पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा आणि थोडी सालं निघणं होतं. जळजळ किंवा लाली टिकून राहिली तर बंद करा. दिवसा सनस्क्रीन हवंच. टू-व्हीलरवर स्कार्फ बांधलाय म्हणून ते सोडू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हे कुठलंच रूप लावू नका.

एक नाव दिसलं तर थांबा

लेबलवर `Tretinoin` दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. रेटिनॉइक ॲसिडचंच ते औषधी नाव. 'गोरं करणारं क्रीम' म्हणून मेडिकलमधून मागून आणलेल्या काही ट्यूबवर त्याच्यासोबत `Hydroquinone` आणि `Mometasone` ही नावंही असतात. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. महिनोन्महिने चेहऱ्यावर लावलं की त्वचा पातळ होते, मुरुम आणि लाली येते आणि बंद केलं की चेहरा आणखी भडकतो. मैत्रिणीला चाललं म्हणून असं क्रीम वापरू नका, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं. आधीपासून लावत असाल तर एकदम सोडण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा.

मामेबहिणीने शेवटी ०.३% शुद्ध रेटिनॉलवालं घेतलं. २ टक्केवाल्याच्या यादीत तिला रेटिनिल पाल्मिटेट सापडायला अर्धा मिनिटही लागला नाही. तुम्हीही ॲपवर पुढचा फोटो सोडून मागच्या बाजूचा फोटो झूम करा, खरं नाव तिथेच असतं.