स्थानबद्धतेच्या प्रश्नात तारखा कशा वाचाव्यात : बेळ्ळंदूरच्या एका काल्पनिक प्रकरणावरून

बंगळुरू : घटनात्मक कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवरचा प्रश्न बहुधा तारखांची माळ म्हणून येतो. विद्यार्थी आरोपांच्या गांभीर्यावर पानभर लिहितो आणि गुण मात्र तारखांमध्ये दडलेले असतात. त्या कशा वाचायच्या, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक प्रकरण घेऊ.

बेळ्ळंदूर येथे भाड्याने राहणाऱ्या एका तरुणावर अमली पदार्थांच्या विक्रीचे गुन्हे दाखल आहेत. कर्नाटकच्या 1985 च्या कायद्यान्वये, ज्याला सर्वजण ‘गुंडा कायदा’ म्हणतात, पोलीस आयुक्त 2 जून रोजी त्याच्या स्थानबद्धतेचा आदेश काढतात. त्याच दिवशी त्याला परप्पन अग्रहार कारागृहात नेले जाते. 6 जूनला त्याला आदेशाची कारणे मिळतात. राज्य सरकार आणि सल्लागार मंडळ यांच्याकडे निवेदन करता येईल, एवढेच त्या कागदात लिहिलेले आहे. 12 जूनला सरकार आदेशाला मान्यता देते. 17 जूनला तो सरकारच्या नावे लिहिलेले निवेदन तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती देतो. 20 जूनला प्रकरण सल्लागार मंडळाकडे जाते. निवेदन गृह विभागात पोहोचते 5 जुलैला, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाकडे पाठवले जाते. 10 जुलैला मंडळाची बैठक होते, 16 जुलैला अहवाल येतो : स्थानबद्धतेस पुरेसे कारण आहे. 21 जुलैला सरकार बारा महिन्यांसाठी आदेश कायम करते आणि 24 जुलैला निवेदन फेटाळते.

कायद्याने घातलेल्या मुदती प्रथम तपासाव्यात, कारण त्यांना वेळ लागत नाही. कारणे पाच दिवसांत द्यायची, मान्यता बारा दिवसांत घ्यायची, मंडळाकडे तीन आठवड्यांत जायचे, मंडळाने स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत अहवाल द्यायचा. महाराष्ट्राच्या 1981 च्या कायद्याची, म्हणजे ‘एमपीडीए’ची, चौकटही हीच आहे. वरच्या प्रकरणात प्रत्येक मुदत पाळली गेली आहे. येथेच अनेक जण ‘आदेश वैध’ असे लिहून मोकळे होतात. परंतु कायद्यातील मुदती हा एक भाग झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(5) ने दिलेला निवेदनाचा अधिकार स्वतंत्र आहे. कारणे शक्य तितक्या लवकर कळवावीत आणि निवेदनाची संधी लवकरात लवकर द्यावी, असे तो सांगतो. निवेदनाचा निकाल किती दिवसांत लागावा, याचा आकडा त्यात नाही. तो न्यायालयांनीही मुद्दाम ठरवलेला नाही.

म्हणून विलंबाचा मुद्दा दिवस मोजून सुटत नाही. राजम्मल विरुद्ध तमिळनाडू राज्य या 1999 च्या खटल्यात धारिका मंत्र्यांकडे 9 फेब्रुवारीला पोहोचली आणि निर्णय 14 फेब्रुवारीला झाला. मंत्री दौऱ्यावर होते, हे कारण सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले नाही आणि आदेश रद्द झाला. पाच दिवस फार होते असे नव्हे. त्या पाच दिवसांचे समाधानकारक उत्तर सरकारकडे नव्हते.

आता आपल्या प्रकरणात 17 जून ते 24 जुलै हा सगळा काळ ‘विलंब’ म्हणावा काय? उत्तरपत्रिकांत हमखास होणारी चूक हीच. के. एम. अब्दुल्ला कुन्ही या कर्नाटकातूनच गेलेल्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जानेवारी 1991 मध्ये हा गुंता सोडवला. प्रकरण मंडळापुढे असताना निवेदन आले तर ते मंडळाकडे धाडावे आणि सरकारने अहवालाची वाट पाहिली तर तो विलंब मानू नये, असे पीठाने सांगितले. निवेदनावर निर्णय होण्याआधी आदेश कायम केला म्हणूनही तो अवैध ठरत नाही, कारण नंतरही सरकार तो मागे घेऊ शकते. म्हणजे 21 आणि 24 जुलैचा उलटा क्रम, जो सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, तो आरोपीला तारत नाही. प्रश्नकर्त्याने टाकलेला तो सापळा आहे. 6 ते 16 जुलै हा काळही सरकारच्या बाजूने धरावा लागेल.

उरतात दोन तुकडे. अहवालानंतरच्या आठ दिवसांत धारिका कोणत्या टेबलावर किती दिवस होती, हे सरकारला शपथपत्रात सांगावे लागेल. दुसरा तुकडा अधिक अवघड आहे : 17 जून ते 5 जुलै, अठरा दिवस, आणि तेही एकाच शहरातल्या तुरुंगातून सचिवालयापर्यंत. तुरुंग प्रशासन हा राज्याचाच हात आहे, त्यामुळे ‘आम्हाला मिळालेच नव्हते’ असे गृह विभागाला म्हणता येत नाही. जसीला शाजी प्रकरणात तुरुंगाने निवेदने साध्या टपालाने पाठवली आणि ती पोहोचलीच नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सुमारे नऊ महिन्यांचा विलंब अक्षम्य ठरवला.

आदेशाला खरा धोका मात्र याहून आधीच्या तारखेत आहे, 6 जूनच्या कागदात. पोलीस आयुक्तांकडेही निवेदन करता येते, हे त्यात लिहिलेले नाही. सरकारची मान्यता मिळेपर्यंत आदेश काढणारा अधिकारी तो मागे घेऊ शकतो. म्हणजे 6 ते 12 जून या काळात त्या तरुणाला दाद मागण्याचे एक दार उघडे होते आणि त्याला ते दाखवलेच गेले नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध संतोष शंकर आचार्य या 2000 सालच्या निकालात एमपीडीएखालील आदेश नेमक्या याच उणिवेमुळे टिकले नाहीत. कायद्याची चौकट सारखी असल्याने तोच तर्क येथे लागू पडतो. माझ्या मते उत्तराची सुरुवात याच मुद्द्याने करावी. विलंबावर सरकार स्पष्टीकरण देऊ शकते, न दिलेल्या माहितीवर देऊ शकत नाही.

सल्लागार मंडळाचा अहवाल विरोधात गेला म्हणून न्यायालयाचे दार बंद होत नाही. मंडळ पुरेसे कारण आहे की नाही ते पाहते, तर निवेदनाचा स्वतंत्र विचार करण्याचे कर्तव्य सरकारचेच राहते. प्रश्नपत्रिकेत कधी आणखी एक ओळ असते : मंडळापुढे पोलिसांची बाजू विधी अधिकाऱ्याने मांडली, तरुणाला वकील नाकारला. अनुच्छेद 22(3) मुळे स्थानबद्धाला वकिलाचा हक्क नाही हे खरे. पण ए. के. रॉय खटल्यात डिसेंबर 1981 मध्ये न्यायालयाने सांगितले की, सरकारने कायदेतज्ज्ञ आणला तर स्थानबद्धालाही ती मुभा द्यावी लागेल. वकील नसेल तरी मित्राची मदत घेता येते.

जाता जाता आणखी एक खबरदारी. मंडळाच्या अहवालाविना स्थानबद्धतेची मर्यादा दोन महिने, असे काही विद्यार्थी लिहितात. 44 व्या घटनादुरुस्तीतील ती तरतूद 1978 मध्ये संमत झाली, पण आजतागायत अमलात आणलेली नाही. मर्यादा तीन महिन्यांचीच आहे.

प्रश्नाचा शेवट बहुधा ‘कोणता उपाय?’ असा असतो. उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली बंदी प्रत्यक्षीकरण याचिका. ती मंजूर झाली तर स्थानबद्धता संपते; अमली पदार्थांचे मूळ खटले मात्र चालूच राहतात आणि त्यांत जामीन मिळालेला नसेल तर तो तरुण तुरुंगातच राहील.