त्रिमितीय दृश्याची प्रकाशयोजना

संगणकनिर्मित दृश्यात वस्तूची घनता दाखविण्यासाठी, प्रसंगाचा भाव ठरविण्यासाठी व प्रेक्षकाची नजर हव्या त्या ठिकाणी नेण्यासाठी तीन दिव्यांची जी पद्धती वापरतात, ती मूळची चित्रपटाच्या स्टुडिओतील आहे. मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, आकार व छाया निश्चित करतो. पूरक दिवा किंवा फिल लाइट त्या छायेचा गडदपणा कमी करतो, तर रिम लाइट मागून पडून आकृतीची कड उजळतो व तिला पार्श्वभूमीपासून वेगळी काढतो. हॉलिवुडमधील या कलेचे विवरण जॉन ऑल्टन या छायालेखकाने १९४९ मध्ये पेंटिंग विथ लाइट या ग्रंथात केले.

प्रसंगाचा भाव मुख्यतः पहिल्या दोन दिव्यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. मुख्य दिव्याची तीव्रता १ व पूरक दिव्याची १/२ असून पूरक प्रकाश चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंवर पडत असेल, तर उजळ बाजूस दीड व छायेतील बाजूस अर्धा प्रकाश मिळतो. हे ३ : १ प्रमाण प्रसन्न प्रसंगास शोभते. पूरक दिवा १/७ इतका मंद केल्यास प्रमाण ८ : १ होते आणि तोच चेहरा गूढ वाटू लागतो.

ही पद्धती संगणकात आणताना मात्र निराळीच अडचण आली. स्टुडिओतील प्रकाश भिंतींवरून व जमिनीवरून परावर्तित होतो. फाँग यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या रीतीत दिव्यापासून पृष्ठभागावर थेट येणाऱ्या प्रकाशाचाच हिशेब होता. त्यामुळे छायेतील बाजू पूर्ण काळी पडे. सर्वत्र सारखा प्रकाश मिळविल्यास काळेपणा जाई, पण त्याबरोबर घनताही जाई. म्हणून पूरक दिवा हाच परावर्तित प्रकाशाचा पर्याय ठरला : तांबड्या गालिच्यावर उभ्या असलेल्या पात्रासाठी खालून मंद तांबूस दिवा हाताने बसवावा लागे.

त्या रीतीत छायाही आपोआप पडत नसे. डोक्यामागील रिम लाइट कवटीतून आरपार जाऊन तोंडातील दात उजळी. असे चमकणारे दात ही या दोषाची हमखास खूण होय. लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये यावर उपाय सुचविला. दिव्याच्या जागेवरून दिसणाऱ्या पृष्ठभागांची अंतरे नोंदवून ठेवावयाची व त्यांहून दूर असलेला बिंदू छायेत धरावयाचा. या तुलनेत थोडी सूट ठेवावी लागते. ती कमी पडली, तर पृष्ठभागावर स्वतःच्याच छायेचे ठिपके उमटतात. अधिक झाली, तर छाया पायांपासून सुटते व पात्र तरंगल्यासारखे दिसते. पिक्सारच्या लक्सो ज्युनियर (१९८६) या लघुपटात दोन टेबलदिवे हीच पात्रे असल्याने छायांचा कस लागला. टॉय स्टोरी (१९९५) या चित्रपटाच्या प्रकाशयोजनेची धुरा शॅरन कॅलहन व गेलिन सुसमन यांनी वाहिली.

श्रेक २ (२००४) मध्ये एकदा परावर्तित झालेल्या प्रकाशाचे गणन करण्यात आले, तर मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी (२०१३) मध्ये परावर्तित प्रकाशाचे गणन हाच प्रकाशयोजनेचा पाया झाला. पूरक दिव्याचे जुने काम त्यामुळे बरेच हलके झाले. आता उलट खोलीतील परावर्तित प्रकाशच कधीकधी अतिरिक्त होतो, आणि इष्ट छाया राखण्यासाठी कॅमेऱ्यास न दिसणारा काळा पडदा पात्राशेजारी उभा करावा लागतो.