प्रहारक्षण (शैलीबद्ध ॲनिमेशनमधील)

शैलीबद्ध ॲनिमेशनमध्ये ठोसा, वार किंवा धडक बसण्याचा जो जेमतेम सेकंदभराचा प्रसंग असतो, त्याची रचना. ती तीन साधनांनी होते : होल्ड, म्हणजे थांबवून धरलेली पोझ, वेगरेषा (स्पीड लाइन्स), आणि इम्पॅक्ट फ्रेम, म्हणजे आघाताच्या क्षणी एक-दोन फ्रेमपुरते येणारे रंग उडालेले किंवा उलटे झालेले चित्र. प्रेक्षकाला फटक्याची ताकद जाणवते ती मुख्यतः थांब्यांमुळे. हात वेगाने गेला असे वाटण्यासाठी तो आधी थांबलेला दिसावा लागतो.

ही पद्धत जपानी दूरचित्रवाणीवरील ॲनिमेमध्ये रुजली. दर आठवड्याला भाग द्यायचा तर चित्रे मोजकीच काढता येत. तिथे सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी एकच चित्र बहुधा तीन फ्रेम टिकते, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे पुरतात. दिग्दर्शक ओसामू देझाकी यांनी मुष्टियुद्धावरील ‘अशिता नो जो’ या मालिकेपासून (1970) या काटकसरीला शैलीचे रूप दिले. ऐन भराच्या क्षणी हालचाल गोठवून त्याजागी हाताने रंगवलेले, खरखरीत रेषांचे स्थिरचित्र आणणे ही पुढे त्यांची ओळख ठरली. वेगरेषा मात्र छापील मांगामधून आल्या.

एका सरळ ठोशाचा 24 फ्रेमचा, म्हणजे एका सेकंदाचा, हिशेब असा मांडता येतो. पहिल्या 12 फ्रेम मूठ मागे ओढलेली पोझ धरून ठेवायची. अर्धा सेकंद इथेच जातो. तो जाऊ द्यावा. 13 आणि 14 या दोन फ्रेममध्ये मूठ सगळे अंतर कापते. इथे प्रत्येक फ्रेमला नवे चित्र लागते आणि हात मुद्दाम लांब, फराटा मारल्यासारखा काढतात. 15वी फ्रेम पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृतीची, 16वी त्याच्या उलट, काळ्यावर पांढऱ्या रेषांची. फटक्याचा आवाज 15व्या फ्रेमवर बसवतात. 17 ते 24 पुन्हा होल्ड : गाल दबलेला, मान वळलेली, मूठ गालाच्या पार गेलेली. या आठ फ्रेममध्ये चित्र एकच राहते, पण ते ठोशाच्या दिशेत मागेपुढे थरथरते. 1920 पिक्सेल रुंदीच्या चौकटीत पहिला धक्का 12 पिक्सेलच्या आसपास ठेवून तो दर फ्रेमला कमी करत शून्यावर आणतात. थरथर एकसारखीच राहिली, तर फटक्याऐवजी भूकंप वाटतो. प्रतिस्पर्धी उडून पडतो तो यानंतर.

मूठ गालाला नुसती टेकलेली दाखवणारे चित्र या हिशेबात नाही. ते घातले की हात तिथे अडखळतो आणि फटका मऊ पडतो.

इम्पॅक्ट फ्रेम फसली की ती चुकून आलेल्या फ्रेमसारखी दिसते. कारण बहुधा एकच असते : आघाताचा बिंदू जागेवरून सरकलेला असतो. 14 ते 17 या फ्रेम एकमेकींवर पारदर्शक ठेवून पाहाव्यात. मूठ आणि गाल भेटतात ती जागा चारींत जवळजवळ एकच हवी. 42 मिलिसेकंद असो वा 83, इतक्या अवधीत डोळ्याला नवी जागा शोधता येत नाही. म्हणून या चित्रांत तपशीलही कमी ठेवतात. ठसठशीत आकृती आणि आघातबिंदूपासून फाकणाऱ्या काही रेषा पुरतात.

वेगरेषा दोन प्रकारच्या. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषा नजर तिथे खेचतात. समांतर रेषा पात्र चौकटीत स्थिर ठेवून मागचे जग पळवतात. दोन्ही प्रकारांत दोन-तीन वेगळी चित्रे काढून ती आळीपाळीने फिरवावी लागतात, नाहीतर रेषा काचेवर चिकटवल्यासारख्या दिसतात. समांतर रेषा समान अंतरावर असतील आणि दर फ्रेमला नेमक्या तेवढ्याच अंतराने सरकत असतील, तर प्रत्येक रेषा पुढच्या रेषेच्या जागी जाते आणि पार्श्वभूमी उभी राहिल्यासारखी भासते. जाडी आणि अंतर विषम ठेवले की हा दोष जातो.

त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये अडचण वेगळी असते. संगणक दोन पोझमधली जागा आपोआप भरतो आणि होल्ड विरघळतात. त्यामुळे ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ (2014) या खेळात ही आपोआप भरणी वापरलीच नाही. पोझ एकेक करून बसवल्या गेल्या. ब्लेंडरमध्ये यासाठी कीफ्रेमचे इंटरपोलेशन `Constant` करतात.

इम्पॅक्ट फ्रेमच्या वापराला आरोग्याची मर्यादा आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर जपानमध्ये सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुसंख्य मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी लखलखाटाविषयी नियम केले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळावेत, हा आज व्यापकपणे पाळला जाणारा दंडक आहे. भडक लाल रंगाबाबत अधिक काळजी घेतात. वरच्या उदाहरणातली काळ्या-पांढऱ्याची एक जोडी या मर्यादेत बसते. ठोशांची सरबत्ती असेल, तर इम्पॅक्ट फ्रेम शेवटच्या ठोशालाच द्यावी आणि आधीचे ठोसे होल्ड व थरथरीवर निभवावेत.