रिव्हर्स चार्ज (जीएसटी) : खानदेशातील कापूस खरेदी व मालवाहतूक

रिव्हर्स चार्ज (आरसीएम) : वस्तू व सेवा कराची अशी पद्धत, जिच्यात विकणाऱ्याऐवजी विकत घेणारा सरकारजमा कर भरतो. एरवी दुकानदार बिलात कर लावून गिऱ्हाइकाकडून घेतो आणि भरतो. येथे विकणारा बिलात कर लावत नाही. घेणाराच स्वतःच्या नावे कर काढून भरतो आणि कायद्यात बसत असेल तर तेवढीच वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेतो. धुळे-जळगाव पट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचा या पद्धतीशी दोन ठिकाणी संबंध येतो : शेतकऱ्याकडून कापूस घेताना आणि गठाणी पाठवताना ट्रान्सपोर्टला भाडे देताना.

कायदेशीर आधार. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 9 मध्ये दोन वेगळ्या तरतुदी आहेत. पोटकलम (3) खाली सरकार ठरावीक वस्तू-सेवांची यादी जाहीर करते. पोटकलम (4) नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून केलेल्या खरेदीसाठी आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी सुरू झाला तेव्हा पोटकलम (4) जवळजवळ प्रत्येक करपात्र खरेदीला लागू होते. दिवसाला एकूण 5,000 रुपयांपर्यंतची खरेदी तेवढी सुटत असे. 13 ऑक्टोबर 2017 पासून ते स्थगित झाले. कायद्यातील दुरुस्ती 1 फेब्रुवारी 2019 पासून अमलात आली आणि पुढे त्याचा वापर मुख्यतः बांधकाम प्रकल्पांच्या प्रवर्तकांपुरता उरला. त्यामुळे नोंदणी नसलेल्या दुकानातून स्टेशनरी किंवा बारदान घेतले म्हणून आज जिनिंगला रिव्हर्स चार्ज लागत नाही. पुरवठादाराला जीएसटी क्रमांक आहे का, एवढे पाहून निर्णय होत नाही. ती वस्तू किंवा सेवा यादीत आहे का, हे पाहावे लागते.

कापूस. 15 नोव्हेंबर 2017 पासून कच्चा कापूस या यादीत आहे. शेतकऱ्याने तो नोंदणीकृत व्यापाऱ्याला किंवा कारखान्याला विकला, तर घेणाऱ्याने 5 टक्के कर भरायचा. शेतकऱ्याला आपल्या शेतमालासाठी नोंदणीची गरज नाही आणि हा कर कायद्याने त्याच्या अंगावर नाही. कायद्यातला शेतकरी म्हणजे स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा स्वतःच्या देखरेखीखालच्या मजुरांच्या श्रमाने जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब.

खेडा खरेदीत इथेच गल्लत होते. गावातला व्यापारी शेतकऱ्यांकडून माल गोळा करून जिनिंगवर आणतो, तेव्हा विकणारा शेतकरी नसतो. त्या व्यापाऱ्याची नोंदणी असेल तर त्यानेच शेतकऱ्याच्या मालावर रिव्हर्स चार्ज भरायचा आणि जिनिंगला नेहमीचे कर लावलेले बिल द्यायचे. वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असल्याने (महाराष्ट्रात केवळ मालाच्या विक्रीसाठी 40 लाख रुपये) तो नोंदणीबाहेर असेल, तर यादीतली 'शेतकऱ्याने पुरवलेला कापूस' ही अट पूर्ण होत नाही. म्हणून गाडी कुणाच्या नावाने आली, पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि सातबारा कुणाचा जोडला, या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. काटापावती व्यापाऱ्याच्या नावाने आणि बिल शेतकऱ्याच्या नावाने असेल, तर तपासणीत पहिला प्रश्न तिथेच निघतो.

ट्रान्सपोर्ट. रस्त्याने मालवाहतूक करून बिल्टी देणाऱ्याला कायदा 'गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी' म्हणतो. बिल्टी न देणाऱ्या गाडीमालकाची वाहतूक करमुक्त आहे. शेतातून जिनिंगवर येणारा छोटा टेम्पो बहुधा यातच बसतो. बिल्टी दिली तरी कच्च्या कापसाचे भाडे करमुक्त राहते, कारण तो शेतमाल आहे. सरकी काढून दाबलेल्या रुईच्या गठाणीला मात्र ही सवलत नाही. ट्रान्सपोर्टने स्वतः कर लावण्याचा पर्याय घेतलेला नसेल, तर गठाणीच्या भाड्यावर 5 टक्के रिव्हर्स चार्ज लागतो. तो भाडे देणाऱ्यावर असतो. बिल्टीवर 'पेड' असून भाडे जिनिंगने दिले तर कर जिनिंगचा. 'टू पे' असून भाडे सूतगिरणी देणार असेल तर कर तिचा.

भरणा. नोंदणी नसलेल्या पुरवठादाराच्या मालाचे बिल घेणाऱ्याने स्वतःच बनवायचे असते. या सेल्फ इन्व्हॉइससाठी 1 नोव्हेंबर 2024 पासून माल किंवा सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत आहे. पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करावे लागते. कापसाच्या कराची तारीख माल मिळाल्यावर किंवा पैसे दिल्यावर, जे आधी घडेल त्यावर ठरते. म्हणून 28 नोव्हेंबरला काट्यावर उतरलेल्या कापसाचे पैसे डिसेंबरात दिले, तरी कर नोव्हेंबरचाच. रक्कम GSTR-3B च्या तक्ता 3.1(d) मध्ये दाखवून रोख खात्यातूनच भरावी लागते. साठलेल्या वजावटीतून ती फेडता येत नाही. भरलेल्या कराची वजावट तक्ता 4(A)(3) मध्ये मिळते.

उदाहरण. धुळ्याच्या एका जिनिंगने 100 क्विंटल कापूस 7,500 रुपये भावाने शेतकऱ्यांकडून घेतला असे मानू. खरेदी 7,50,000 रुपये, त्यावर 5 टक्के म्हणजे 37,500 रुपये : निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. त्यातून 170 किलोच्या 20 गठाणी, म्हणजे 34 क्विंटल रुई निघाली. सुमारे 64 क्विंटल सरकी झाली आणि बाकी घट. गठाणी राज्यातल्याच सूतगिरणीला पाठवताना बिल्टीवर 9,000 रुपये भाडे जिनिंगने दिले. त्यावरचा कर 450. रिव्हर्स चार्जचे एकूण 37,950 रुपये रोख भरले. रुई 5,40,000 ला आणि तेलासाठीची सरकी 2,40,000 ला विकली, तर 5 टक्क्यांनी विक्रीवरचा कर 39,000 होतो. त्यातून 37,950 ची वजावट घेतल्यावर 1,050 रुपये भरायचे उरतात.

खरेदी-विक्री एकाच महिन्यात झाली तर एकूण रोख 39,000 जाते. रिव्हर्स चार्ज नसता तरी विक्रीवर तेवढेच गेले असते. अडचण हंगामात येते. दिवाळीनंतर कापूस येतो आणि रुई भावासाठी गोदामात थांबते. तेव्हा 37,500 रुपये रोख भरून वजावट खात्यात पडून राहते, आणि लहान जिनिंगचे खेळते भांडवल तेवढ्याने अडकते. कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकाला रिव्हर्स चार्ज भरावाच लागतो, पण वजावट नसल्याने तो कर त्याच्या खर्चातच धरला जातो.

राहून गेलेला कर. कापसाची रक्कम मोठी असल्याने ती सहसा विसरली जात नाही. भाड्याची विसरली जाते. ताळेबंदाच्या वेळी भाडे खर्चाच्या खात्यातून बिल्टी नसलेल्या गाड्या, कच्च्या कापसाचे भाडे आणि ट्रान्सपोर्टने स्वतः कर लावलेली बिले वगळावीत. उरलेल्या रकमेचे 5 टक्के आणि तक्ता 3.1(d) मधला वर्षाचा भाड्याचा आकडा जुळला पाहिजे. फरक निघाला तर कर आणि त्यावर वार्षिक 18 टक्के व्याज भरावे लागते. पुरवठादार नोंदणीबाहेर असल्यास, जून 2024 च्या केंद्रीय परिपत्रकानुसार वजावटीची मुदत सेल्फ इन्व्हॉइस ज्या आर्थिक वर्षात बनवले त्या वर्षावरून मोजतात. त्यामुळे उशिरा भरलेल्या कराची वजावट मिळू शकते; व्याज मात्र परत मिळत नाही.