दोन स्वतंत्र सरासरींच्या तुलनेसाठी नमुना आकार

दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींत ठरावीक फरक असल्यास तो कसोटीत उघड व्हावा, यासाठी प्रत्येक गटात लागणारी किमान निरीक्षणसंख्या म्हणजे हा नमुना आकार होय. दोन्ही गट समान आकाराचे असल्यास तो पुढील सूत्राने काढतात:

n = 2σ²(z₁ + z₂)² / δ²

येथे σ हे प्रमाण विचलन आणि δ हा शोधावयाचा फरक होय. z₁ सार्थकता पातळीवरून, तर z₂ कसोटीच्या शक्तीवरून ठरतो.

समजा, लातूर व नांदेड जिल्ह्यांतील सोयाबीनच्या हेक्टरी उत्पादनाची तुलना करावयाची आहे. प्रमाण विचलन ४ क्विंटल गृहीत धरले आणि २ क्विंटलांचा फरक महत्त्वाचा मानला. द्विपक्षीय कसोटीत ५ टक्के सार्थकता पातळीसाठी z₁ = १.९६ आणि ८० टक्के शक्तीसाठी z₂ = ०.८४. त्यांच्या बेरजेचा वर्ग ७.८४ येतो, म्हणून n = २ × १६ × ७.८४ / ४ = ६२.७२, अर्थात प्रत्येक जिल्ह्यात ६३ शेते. उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकात घेतात. फरक १ क्विंटलाचा मानल्यास हीच संख्या २५१ होते.

σ बहुधा जुन्या अहवालातून घेतात आणि चूक तेथेच होते. अहवालातील प्रमाण त्रुटी प्रमाण विचलन समजून वापरली, तर नमुना फसवा लहान निघतो. शेताशेतांतील उत्पादनाचा फरक अविश्वसनीय इतका कमी दिसणे, ही त्याची खूण.

सूत्र निरीक्षणे परस्परस्वतंत्र मानते. एकाच गावातील शेतांवर पाऊस व जमीन सारखीच असते. प्रत्येक गावातून ५ शेते घेतली आणि त्यांतील अंतर्गत सहसंबंध ०.१ असला, तर संख्या १.४ पट, म्हणजे ८८ करावी लागते. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात १८ गावे लागतील.