खाज थांबली, गजकर्ण वाढले

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात हॅडोज रोडवर शास्त्री भवन नावाची सरकारी इमारत आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचे दक्षिण विभागाचे कार्यालय तिथेच आहे. या भागात मी त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे त्या रस्त्याने रोज जाणे होते. आणि दर वेळी मला औषध नियमांतली एक छोटी टीप आठवते. आजची गोष्ट त्या टीपेची आहे.

1945 च्या औषध नियमांत 'शेड्यूल एच' नावाची यादी आहे. त्यातली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टेरॉइडे त्या यादीत होती. पण यादीखालच्या टीपेत म्हटले होते की वरून लावायच्या औषधांना हे बंधन नाही. डोळ्या-कानाच्या थेंबांसारखे थोडेच अपवाद सोडले होते. म्हणजे स्टेरॉइडची गोळी घ्यायची तर चिठ्ठी हवी, पण तेच स्टेरॉइड मलमात घातले की ते बामासारखे कुणीही मागावे आणि दुकानदाराने काढून द्यावे! गोळी पोटात जाते आणि मलम वरच्यावर राहते, असा त्यामागचा समज असावा.

तो समज किती चुकीचा होता हे 1967 मध्येच मोजले गेले होते. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते पाहिले. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोषाच्या त्वचेतून ते सुमारे 42 पट जास्त आत गेले. आपल्याकडे गजकर्ण सर्वात जास्त होते कुठे? जांघेत, आणि त्याला लागूनच. घाम, घट्ट जीन्स, दमट हवा. चेन्नईत तर हे बाराही महिने. तमिळमध्ये या रोगाला 'पडर्तामरै' म्हणतात, म्हणजे पसरणारे कमळ. आपण हत्तीचा कान म्हणतो. दोन्ही नावे त्या गोल, वाढत जाणाऱ्या चट्ट्यावरूनच आली असावीत.

आता हा चट्टा लाल का होतो ते पाहू. ही बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मृत थरात राहते आणि तिथले केराटिन खाते. शरीर तिला ओळखते आणि तिथे रक्तपुरवठा वाढवते, बचावाच्या पेशी पाठवते, वरचा थर भराभर झडू देते, म्हणजे बुरशी कोंड्याबरोबर बाहेर पडावी. लाली, खाज, कोंडा हा त्या झगड्याचाच भाग आहे. स्टेरॉइड नेमका हा झगडा थांबवते.

इथे इतिहासातली एक गंमत सांगतो. 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी मलमातल्या स्टेरॉइडची ताकद मोजायची पद्धत काढली. औषध निरोगी त्वचेवर लावायचे आणि तिथे त्वचा किती पांढरी पडते ते बघायचे. रक्तवाहिन्या जितक्या आकसतील तितके औषध जोरकस. म्हणजे लाली घालवणे हेच या औषधाच्या ताकदीचे माप. एक्झिमाला ते वरदान आहे. गजकर्णात मात्र लाली जाते आणि बुरशी तिथेच राहते. 1968 मध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी अशा ओळखू न येणाऱ्या गजकर्णाला 'टिनिया इन्कॉग्निटो' नाव दिले, म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण.

तुम्ही म्हणाल, मलमात बुरशीचे औषधही असते ना? असते. पण दोघांचा वेग वेगळा आहे. स्टेरॉइडने खाज दोन-चार दिवसांत थांबते, बुरशी मरायला आठवडे लागतात. खाज थांबली की माणूस ट्यूब बाजूला ठेवतो. पंधरा दिवसांनी खाज परत येते, तीच ट्यूब परत निघते. दर फेरीत बुरशीला थोडी जास्त जागा मिळते.

माझ्याकडे साहुकारपेठेतला एक गलाई कामगार आला होता, मूळचा विट्याकडचा. आमचे हे लोक देशभर सोने गाळायच्या भट्ट्यांवर काम करतात. भट्टीसमोर दहा तास म्हणजे घामाची आंघोळच. पाच महिन्यांत त्याने 15 ग्रॅमच्या अकरा ट्यूब वापरल्या होत्या, म्हणजे 165 ग्रॅम. त्यातले स्टेरॉइड होते क्लोबेटासॉल, सर्वात जोरकस गटातले, जे दोन आठवड्यांहून जास्त लावू नये असे सांगतात, आणि जांघेत तर लावूच नये. चट्टे जांघेतून कमरेपर्यंत गेले होते. एका कड्याच्या आत दुसरे कडे, अशी वर्तुळात वर्तुळे. हे स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णाचे लक्षण असते. मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळट पट्टे पडले होते, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे. कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या धाग्यांचे जाळेच दिसले.

मलम बंद केले. पहिला आठवडा त्याला फार जड गेला. दबलेली लाली आणि खाज उसळून आली. "डॉक्टर, त्या मलमाने निदान झोप तरी लागत होती," तो म्हणाला. बहुतेक जण इथेच परत दुकानात जातात. त्याला आधीच सांगून ठेवले होते म्हणून तो टिकला. पोटातून बुरशीचे औषध आठ आठवडे, वर साधे स्टेरॉइड नसलेले मलम, आणि खोलीतल्या बाकीच्या तिघांचीही तपासणी, कारण टॉवेल एकच होता. चट्टे गेले. जांभळे पट्टे फिकट होतील, पण पुसले जाणार नाहीत.

आता परत त्या टीपेकडे. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षे आवाज उठवत होती. 2011 च्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण स्टेरॉइड मलमाचा गैरवापर करणारे निघाले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातही गेले. शेवटी मार्च 2018 मध्ये चौदा स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये आणले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली. क्लोबेटासॉल, ऑफ्लोक्सॅसिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफीन ही चार औषधे एकाच ट्यूबमध्ये कोंबलेले मिश्रण त्यात होते. जंतू, बुरशी, लाली, जे असेल त्यावर लागेल, असा सगळा मामला. मला विचाराल तर ते औषध कमी आणि अंदाज जास्त होता.

नियम केंद्राचा, पण दुकानाचा परवाना आणि तपासणी राज्याच्या औषध विभागाची. त्यामुळे कागद बदलला तरी काउंटर लगेच बदलला नाही. आजही चिठ्ठी न मागता ट्यूब मिळते. म्हणून मी रुग्णांना खोक्यावरची बारीक अक्षरे वाचायला लावतो. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीची औषधे. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमॅझोल यांची नावे घाईत सारखीच वाटतात, तिथे जपा.

बुरशीही दरम्यान बदलली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे वेगळे नाव दिले. तिच्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफीन चालत नाही, कारण ते औषध ज्या विकरावर काम करते त्याच्या जनुकातच बदल झाला आहे. हा बदल मलमातल्या स्टेरॉइडने घडवला असे म्हणता येत नाही. पण अर्धवट उपचारावर महिनोन्‌महिने अंगावर टिकलेली आणि एकाच टॉवेलवरून घरभर फिरणारी बुरशी अशा बदलांना भरपूर वेळ देते, असे मला वाटते. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांच्या अंगावर सापडली. त्यातली एक बांगलादेशला जाऊन आलेली होती. दुसरी परदेशी गेलेलीच नव्हती.