मॉडिफायर क्षेत्र

मॉडिफायर क्षेत्र : त्रिमितीय छपाईच्या स्लाइसर प्रोग्रॅममध्ये मॉडेलच्या पोटात बसवलेला, पण स्वतः कधीही छापला न जाणारा आकार. हा आकार मॉडेलचा जेवढा भाग व्यापतो, तेवढ्याच भागाला वेगळ्या सेटिंग लागू होतात. कुठे भिंती वाढवायच्या, कुठे आतली जाळी दाट करायची, हे त्यावरून ठरते. मॉडेलच्या बाहेर डोकावणाऱ्या मॉडिफायरच्या भागाला काहीच अर्थ नसतो. तिथे प्लास्टिक पडत नाही आणि काही बिघडतही नाही.

छापलेली वस्तू बाहेरून भरीव दिसली, तरी आतून ती बहुधा पोकळ असते. कडेने एकात एक अशा दोन-तीन भिंती, वर-खाली काही भरीव थर आणि मधल्या जागेत विरळ जाळी, म्हणजे इन्फिल, अशी तिची रचना असते. प्रुसास्लाइसरच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये दोन भिंती आणि 15 टक्के इन्फिल असते. शोभेच्या वस्तूला तेवढे पुरते. पण यंत्राच्या सुट्या भागावर ताण सगळीकडे सारखा येत नाही. तो स्क्रूच्या भोकाशी किंवा कोपऱ्याच्या बेचक्यात एकवटतो. तेवढ्या जागेसाठी सगळी वस्तू जाड छापणे म्हणजे एका खुंटीसाठी अख्खी भिंत नव्याने बांधणे.

ही सोय इटलीच्या अलेस्सांद्रो रानेलुच्ची यांनी 2011 मध्ये सुरू केलेल्या स्लायसर या मुक्त प्रोग्रॅममधून पुढे आली. त्याच्याच शाखेला 2019 मध्ये प्रुसास्लाइसर हे नाव मिळाले. त्यातून बांबू स्टुडिओ आणि बांबू स्टुडिओतून ऑर्कास्लाइसर निघाला. त्यामुळे या तिन्हींत मॉडिफायर जवळपास सारखेच वागतात. क्युरा हा वेगळ्या घराण्यातला. तिथे दुसरे मॉडेल पहिल्यात घुसवायचे आणि `Per Model Settings` मध्ये `Modify settings for overlaps` निवडायचे, अशी रीत आहे.

मॉडिफायर आत काय करतो हे कळले, की त्याचे बरेचसे चमत्कारिक वागणे उलगडते. स्लाइसर आधी मॉडेलचे आडवे काप घेतो. प्रत्येक कापात मॉडेलची एक सपाट आकृती मिळते आणि मॉडिफायरचीही मिळते. जिथे दोन्ही एकमेकींवर येतात तो एक प्रदेश आणि उरलेला दुसरा, अशी त्या थराची वाटणी होते. दोन्ही प्रदेश एकाच थरात असल्यामुळे थराची जाडी मॉडिफायरने बदलता येत नाही. त्यासाठी उंचीच्या पट्ट्याप्रमाणे सेटिंग देण्याची वेगळी सोय आहे. नोझलचे तापमानही मॉडिफायरच्या हातात नसते, ते फिलामेंटच्या सेटिंगमधून ठरते.

खरी गोम पुढे आहे. मॉडिफायरमध्ये फक्त इन्फिलची घनता बदलली, तर स्लाइसर दोन्ही प्रदेशांच्या भिंती एकत्रच आखतो. बाहेरची भिंत अखंड राहते आणि आत दाट जाळी जिथे संपते तिथे विरळ जाळी सुरू होते. भिंतींची संख्या बदलली, की मात्र दोन्ही प्रदेश स्वतंत्र वाटे होतात आणि प्रत्येक वाट्याभोवती त्याच्या त्याच्या भिंती उभ्या राहतात. सीमेच्या एका बाजूला एकाच्या, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या. वडिलोपार्जित घर वाटून घेताना दोन्ही भावांनी मधे आपापली भिंत घालावी, तसा हा प्रकार. भिंती वाढवायला गेलेल्या माणसाला मागितल्यापेक्षा जास्त भिंती मिळतात, त्या यामुळेच.

एक उदाहरण घेऊन हे नीट पाहता येईल. 60 मिलिमीटर लांब, 40 रुंद आणि 12 उंच असा पीएलएचा ठोकळा आहे. त्यात वरून 8 मिलिमीटर खोल आणि 4 मिलिमीटर व्यासाचे भोक आहे. भोकात एम-3 स्क्रूसाठी पितळी इन्सर्ट सोल्डरिंग आयर्नने तापवून दाबायचा आहे. थर 0.2 मिलिमीटरचा आणि भिंतीची एक रेघ 0.45 मिलिमीटरची धरली, तर दोन भिंती मिळून भोकाभोवती जेमतेम 0.9 मिलिमीटर प्लास्टिक उरते. त्यामागे विरळ जाळी, म्हणजे बरीचशी हवाच. इन्सर्ट आत जाताना वितळलेले प्लास्टिक त्याच्या दातऱ्यांत शिरण्याऐवजी मागच्या पोकळीत फुगते. इन्सर्ट तिरका बसतो आणि स्क्रू आवळला की तोही स्क्रूबरोबर गोल फिरू लागतो.

यावर उपाय म्हणून भोकाभोवती 10 मिलिमीटर व्यासाचा दंडगोल बसवायचा. प्रुसास्लाइसर साध्या मोडमध्ये असेल, तर यादीत मॉडिफायर दिसतच नाही. त्यामुळे आधी `Expert` मोड निवडावा. मग ठोकळ्यावर राइट क्लिक करून `Add modifier` मधून `Cylinder` घ्यायचा, उजवीकडच्या चौकटींत त्याची मापे आणि जागा आकड्यांनी भरायची. माउसने ओढून अंदाजाने ठेवलेला दंडगोल भोकाच्या मध्यावर क्वचितच बसतो. शेवटी दंडगोलावर पुन्हा राइट क्लिक करून त्याला `Perimeters` ही सेटिंग जोडायची आणि तिथे 6 लिहायचे. ही शेवटची पायरी अनेकदा राहून जाते. सेटिंग न जोडलेला मॉडिफायर पडद्यावर झोकात दिसतो आणि काहीच करत नाही.

आता या 6 चा हिशेब. भोकाची कड मध्यापासून 2 मिलिमीटरवर आणि दंडगोलाची 5 वर, म्हणजे मधले कडे 3 मिलिमीटर रुंद. शेजारच्या भिंती किंचित एकमेकींवर चढत असल्याने दोन रेघांच्या मध्यांत सुमारे 0.41 मिलिमीटर अंतर पडते. म्हणजे कड्यात जेमतेम सात रेघा मावतात. भिंती भोकाकडूनही येतात आणि दंडगोलाच्या बाहेरच्या कडेकडूनही. सहा अधिक सहा अशा बारा रेघा तिथे होतच नाहीत. दोन्ही बाजूंनी तीन-चार झाल्या, की मधे गाठ पडते आणि कडे पूर्ण भरीव होते. 6 ऐवजी 4 लिहिले असते, तरी भोकाशेजारचे हे कडे असेच भरले असते. आकडा वाढवण्यापेक्षा दंडगोलाचा व्यास विचारपूर्वक ठरवणे इथे जास्त महत्त्वाचे आहे.

उंचीच्या बाबतीत नवशिके हमखास चुकतात. भोक 8 मिलिमीटर खोल आहे, म्हणून दंडगोलही तेवढाच उंच ठेवला, तर त्याचा पहिला थर 15 टक्के जाळीवर, म्हणजे जवळपास अधांतरी सुरू होतो. जाळीच्या दोन रेघांमध्ये काही मिलिमीटरांची फट असते. त्या फटीवरून जाणाऱ्या भिंती लोंबतात आणि कड्याचा पाया भुसभुशीत होतो. मॉडिफायर सुरू होतो तिथे स्लाइसर आपणहून भरीव तळ घालत नाही, कारण त्याच्या लेखी ही जागा वस्तूच्या आतलीच असते. म्हणून दंडगोल खाली थेट तळाच्या भरीव थरांपर्यंत न्यावा. चार भरीव थर असतील, तर तो तळापासून 0.8 मिलिमीटरवर सुरू करावा. वर तो पृष्ठभागाच्या थोडा बाहेर आला तरी चालतो. फक्त वरच्या पृष्ठभागावर गोल रेघ उमटते. ती पुढे बसणाऱ्या भागाखाली झाकली जाणार असेल, तर तिची चिंता नको.

या सगळ्याला जास्तीचे प्लास्टिक लागते सुमारे 1 ग्रॅम. त्याऐवजी सगळ्या ठोकळ्यालाच सहा भिंती दिल्या असत्या, तर सुमारे 4 ग्रॅम जास्त लागले असते. मात्र चारही कोपऱ्यांत अशी भोके असतील, तर हा फायदा झपाट्याने आटतो. लहान वस्तूत भोके फार असतील, तर मॉडिफायरची खटपट न करता सरसकट भिंती वाढवणे शहाणपणाचे.

सीमेवर एक उणीव राहते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. एकाच प्रदेशातल्या भिंती एकमेकींवर किंचित चढतात, म्हणून त्या घट्ट चिकटतात. दोन वेगळ्या प्रदेशांच्या भिंती मात्र सीमेवर फक्त टेकतात. त्या आवश्यक तेवढ्या चढलेल्या नसल्याने तिथला सांधा जरा कच्चा असतो. इन्सर्टच्या कड्यात हे सहज निभावते, कारण बाहेरून ते चहूबाजूंनी आवळलेले असते. पण मॉडिफायर वस्तूच्या बाहेरच्या पृष्ठभागातून आरपार काढून भिंतींची संख्या बदलली, तर बाहेरची अखंड भिंत सीमेशी तुटते, आत वळते आणि दुसऱ्या बाजूने नव्याने सुरू होते. पृष्ठभागावर उभी रेघ दिसते. वाकणाऱ्या पट्टीत तर नेमकी तिथेच चीर पडू शकते. ज्या जागेला बळ द्यायचे, तिच्याच कडेला कच्चा दुवा तयार करायचा, असा हा उफराटा उद्योग. बाहेरच्या भिंतीपर्यंत पोहोचणाऱ्या मॉडिफायरमध्ये फक्त `Fill density` बदलावी आणि भिंतींचा आकडा आहे तसाच राहू द्यावा.

दाट इन्फिलचीही हद्द ओळखायला हवी. बोल्टच्या डोक्याखाली प्लास्टिक दबते. तिथे जाळी 15 वरून 60 टक्के केली, की फरक स्पष्ट जाणवतो. वाकणाऱ्या दांडीत मात्र ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाशी सर्वाधिक असतो आणि मध्यावर जवळपास शून्य. त्यामुळे दांडीचे पोट दाट करून फारसे काही साधत नाही.

एकाच जागेवर दोन मॉडिफायर आले आणि दोघांतही तीच सेटिंग असली, तर प्रुसास्लाइसरच्या यादीत जो खाली असतो त्याचे चालते. यादीतला क्रम ओढून बदलता येतो.

काम जमले की नाही, हे छापण्याआधीच दिसते. स्लाइस केल्यावर प्रीव्ह्यूमध्ये उजवीकडची पट्टी सरकवत भोकाच्या उंचीवर यावे. प्रुसास्लाइसरमध्ये बाहेरच्या भिंती नारिंगी, आतल्या पिवळ्या आणि विरळ जाळी तांबूस दिसते. भोकाभोवती पिवळ्या रेघांचे भरगच्च कडे दिसले, तर काम झाले. तिथे तांबूस जाळीच दिसत असेल, तर बहुधा सेटिंग जोडायची राहिली आहे. भोकच बुजलेले दिसले, तर दंडगोल मॉडिफायर म्हणून नव्हे, तर वस्तूचा भाग म्हणून घातला गेला आहे. राइट क्लिक करून `Change type` ने तो बदलता येतो.

मॉडिफायर `.stl` फाइलमध्ये जात नाहीत. त्या फाइलमध्ये फक्त आकाराचे त्रिकोण असतात. प्रकल्प `.3mf` म्हणून साठवला, तर प्रुसास्लाइसर त्यात प्रत्येक मॉडिफायरची नोंद अशी ठेवतो :

```
<metadata type="volume" key="volume_type" value="ParameterModifier"/>
<metadata type="volume" key="perimeters" value="6"/>
```

त्यामुळे छपाई दुसऱ्याकडून करून घ्यायची असेल, तर `.3mf` पाठवावी आणि समोरचा कोणता स्लाइसर वापरतो ते आधी विचारून घ्यावे. ही नोंद प्रुसास्लाइसरच्या स्वतःच्या पद्धतीची आहे. दुसऱ्या घराण्याचा स्लाइसर तीच फाइल उघडेल, पण भोकाभोवतीचे कडे त्यात असेलच असे नाही.